मदतीला न बोललेली अट होती का? श्रद्धाधारित निर्वासित-साहाय्य कार्यक्रमाचा मूल्यमापन अहवाल कसा तयार करावा

निर्वासितांसाठीच्या कोणत्याही कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना घर मिळाले का, भाषा आली का, काम लागले का, हे प्रश्न विचारावेच लागतात. कार्यक्रम एखाद्या प्रार्थनास्थळाशी किंवा धार्मिक संघटनेशी जोडलेला असेल तर त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते, आणि माझ्या मते अहवालाची किंमत त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. मदत घेणाऱ्याला ती मदत खरोखर बिनशर्त वाटली का?

संस्थेच्या धोरणात अट नसणे वेगळे आणि माणसाला अट न जाणवणे वेगळे. रेड क्रॉस, रेड क्रेसेंट आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ साली स्वीकारलेली आचारसंहिता यावर स्पष्ट आहे. मदत वंश, पंथ किंवा राष्ट्रीयत्व न पाहता, केवळ गरजेनुसार द्यायची आणि कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी ती वापरायची नाही. बहुतेक श्रद्धाधारित संस्था हे मनापासून मानतात. तरीही घरभाडे देणारा, भाषेचा वर्ग घेणारा आणि प्रार्थनेचे आमंत्रण देणारा माणूस एकच असेल, तर नुकत्याच आलेल्या कुटुंबाला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. हे न बोललेले दडपण मोजायचे कसे, त्याबद्दल मुलाखतीत ऐकायचे कसे आणि जे कळले नाही ते अहवालात लिहायचे कसे, ते या लेखात क्रमाने मांडतो.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक कार्यक्रम धरू. पुढचे सगळे आकडे याच उदाहरणातले आहेत. एका प्रार्थनास्थळाच्या आधाराने चालणाऱ्या कार्यक्रमात १२० निर्वासित कुटुंबांची नोंद झाली. प्रत्येक कुटुंबाला सहा महिने घरभाड्याला हातभार, भाषेचा वर्ग आणि एक ‘सोबती कुटुंब’ मिळाले. सोबती कुटुंब म्हणजे कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात बरोबर येणारे स्वयंसेवक. कार्यक्रम दीड वर्ष चालला आणि आता त्याचे मूल्यमापन करायचे आहे.

पहिली पायरी : प्रश्न आणि अधिकार आधी ठरवा

कामाच्या अटींच्या कागदावर तीनपेक्षा जास्त मुख्य प्रश्न ठेवू नका. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे मूल्यमापनाचे सहा निकष सर्वत्र वापरले जातात. समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा असे ते आहेत. त्यातला सुसंगतीचा निकष २०१९च्या सुधारणेत आला. पण सहाही निकषांखाली चार-चार प्रश्न घातले की प्रत्येकाला अर्धे पान मिळते आणि कशाचेच नीट उत्तर मिळत नाही. आपल्या उदाहरणासाठी हे तीन प्रश्न पुरेत : कुटुंबे स्थिरावली का, त्यात कार्यक्रमाचा वाटा किती, आणि मदत घेताना त्यांना श्रद्धेबाबत मोकळीक वाटली का.

त्याच कागदावर दोन गोष्टी लेखी करून घ्या. पहिली म्हणजे मुलाखतीसाठी माणसे मूल्यमापन करणारा निवडेल. धर्मप्रमुख किंवा समन्वयक निवडणार नाहीत. दुसरी म्हणजे मसुदा वाचल्यावर संस्था तथ्यांच्या चुका दाखवू शकेल, पण निष्कर्ष बदलू शकणार नाही. हे आधी ठरले नसेल तर नंतर मागणे अवघड जाते, कारण समोर उभी असणारी माणसे बहुधा अत्यंत सद्‌हेतूची असतात आणि त्यांना दुखावणे कोणालाच नको असते.

मूल्यमापन करणाऱ्याने स्वतःची श्रद्धाही सांगावी. तो त्याच पंथाचा असेल, दुसऱ्या धर्माचा असेल किंवा कोणताच धर्म मानत नसेल, वाचकाला ते कळायला हवे. शक्य असेल तर दोघांची जोडी करा. त्यातला एक त्या परंपरेला आतून ओळखणारा हवा आणि दुसरा बाहेरचा. आतल्याला धार्मिक शब्दांचे वजन कळते. बाहेरच्याला सवयीच्या गोष्टी खटकतात.

दुसरी पायरी : थोडे निर्देशक, पण नेमके

‘किती वर्ग घेतले, किती जण आले’ या नोंदी संस्थेकडे असतातच. त्या परिशिष्टात द्या. स्थिरावण्यासाठी एकच मुख्य निर्देशक घेऊ : भाड्याचा हातभार संपल्यानंतर सहा महिने कुटुंब स्वतः निवडलेल्या घरात, बाहेर काढले जाण्याच्या भीतीशिवाय राहत आहे का. यातला ‘हातभार संपल्यानंतर’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. मदत चालू असताना घर टिकले यावरून फक्त मदत पोचल्याचे कळते.

याच्या जोडीला नात्यांचा एक निर्देशक घ्या. ॲलिस्टर एगर आणि ॲलिसन स्ट्रँग यांनी २००८ साली निर्वासितांच्या एकात्मतेची जी चौकट मांडली, तिच्यात सामाजिक नाती तीन प्रकारची धरली आहेत. आपल्यासारख्या माणसांशी असलेले बंध, वेगळ्या समाजाशी जोडणारे पूल आणि सरकारी यंत्रणांशी असलेले दुवे. श्रद्धाधारित कार्यक्रमात यांतले पहिले दोन एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रश्न असा ठेवा : “उद्या अडचण आली तर सोबती कुटुंब आणि प्रार्थनास्थळातली माणसं सोडून आणखी कोणाला फोन करू शकाल?” इथे शून्य हे उत्तर वारंवार येत असेल, तर कार्यक्रमाने आधार दिला आहे, पण तो आधार एकाच खांबावर उभा आहे.

आता मोकळिकीचे निर्देशक. मी तीन घेतो.

पहिला आहे प्रतीक्षेचा काळ. नोंदणीपासून पहिली मदत मिळेपर्यंत किती दिवस गेले, याचा मध्यक काढा; त्याच श्रद्धेची कुटुंबे आणि इतर कुटुंबे, असा वेगवेगळा. आपल्या उदाहरणात पहिल्या गटाचा मध्यक १९ दिवस आणि दुसऱ्याचा ३३ दिवस निघाला असे समजा. इथे लगेच ‘भेदभाव’ असे लिहायचे नाही आणि ‘योगायोग’ असेही नाही. फायली उघडायच्या. उदाहरणात असे दिसले की त्याच श्रद्धेची बरीच कुटुंबे प्रार्थनास्थळातल्या ओळखीतून आली होती. ओळखीच्या माणसाने अर्ज भरून दिला, कागद जोडून दिले. इतर कुटुंबे दवाखाना किंवा शाळेकडून आली आणि त्यांचे अर्ज अर्धवट म्हणून परत गेले. कोणीही मुद्दाम कोणाला मागे ठेवले नव्हते. फरक वाटेत होता. असा निष्कर्ष संस्थेच्या खरोखर उपयोगाचा असतो, कारण अर्ज भरायला मदत करणारा एक माणूस नेमला की तो फरक कमी होऊ शकतो.

यासाठी कुटुंबाची श्रद्धा माहीत असावी लागते आणि ही माहिती धोक्याची आहे. संस्थेच्या नोंदवहीत ती नसलेलीच बरी. मुलाखतीत, ऐच्छिक प्रश्न म्हणून, कारण सांगून विचारा. नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाशी जोडा आणि विश्लेषण झाल्यावर नाव व क्रमांक जोडणारी यादी नष्ट करा. कोणी धर्मांतर केले असेल तर ते कुठेही लिहून ठेवू नका. मायदेश सोडल्यानंतर केलेले धर्मांतर काही देशांत आश्रयाच्या दाव्याचा आधार ठरते. तीच माहिती मायदेशी पोचली तर मागे राहिलेल्या नातेवाइकांवर बेतू शकते. मूल्यमापनाची कोणतीही गरज या जोखमीएवढी मोठी नाही.

दुसरा निर्देशक आहे नकाराची अपेक्षा. “कार्यक्रमातल्या एखाद्या कुटुंबाने प्रार्थनेचं आमंत्रण नाकारलं, तर त्यांच्या मदतीवर परिणाम होईल का?” हा प्रश्न स्वतःबद्दल नसल्याने उत्तर देणे थोडे सोपे जाते. तो दोन रीतींनी विचारा. निम्म्या कुटुंबांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, समोरासमोर. उरलेल्या निम्म्यांना बंद पाकिटात टाकायच्या कार्डावर. वाचता न येणाऱ्यांसाठी दोन रंगांची कार्डे ठेवा आणि रंगांचा अर्थ ध्वनिमुद्रणातून ऐकवा. घरातल्या मुलांना वाचून दाखवायला सांगू नका.

समजा ९० कुटुंबांपर्यंत पोचता आले. समोरासमोर विचारलेल्या ४५ पैकी ४० जण म्हणाले, परिणाम होणार नाही. पाकिटात टाकणाऱ्या ४५ पैकी असे २९ च निघाले. म्हणजे ८९ टक्के आणि ६४ टक्के. दोन्ही गट चिठ्ठीने पाडलेले असल्यामुळे या फरकाचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण म्हणजे माणसे तोंडावर जास्त गोड बोलली. मात्र एवढ्या लहान गटांत फरकाचा नेमका आकार सांगता येत नाही. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर तो साधारण ८ ते ४१ टक्के-अंकांच्या मध्ये कुठेही असू शकतो. अहवालात तिन्ही गोष्टी लिहा : फरक दिसला, तो केवळ नशिबाचा असणे अवघड आहे आणि त्याचा आकार नक्की नाही.

तिसऱ्या निर्देशकाला आकडा लागत नाही. कोणती सेवा कुठे, केव्हा आणि कोणाच्या हातून दिली जाते, याचा आठवडाभराचा तक्ता करा. भाषेचा वर्ग प्रार्थनेनंतर लगेच त्याच दालनात भरतो का? धान्याच्या वाटपाआधी सामूहिक प्रार्थना होते का? भाड्याचा निर्णय घेणारा आणि आश्रयाच्या अर्जासाठी शिफारसपत्र लिहिणारा माणूस एकच आहे का? या शेवटच्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. धर्मप्रमुखाचे पत्र निर्वासिताच्या दृष्टीने घरभाड्यापेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

तिसरी पायरी : मुलाखती

यादी नोंदवहीतून काढा आणि तिचे चार भाग पाडा. मदत चालू असलेली कुटुंबे, मदत पूर्ण झालेली, मध्येच सोडून गेलेली आणि अर्ज करूनही न मिळालेली. दीर्घ मुलाखती २४ घेणार असाल तर समान वाटणी करू नका. सोडून गेलेल्यांच्या आणि नाकारल्या गेलेल्यांच्या मिळून निम्म्या तरी घ्या. त्यांना शोधायला वेळ लागतो, पण मोकळिकीबद्दल सर्वांत मोकळेपणाने तेच बोलतात, कारण त्यांना आता गमावण्यासारखे काही उरलेले नसते. नवरा आणि बायको यांना वेगवेगळे भेटा. कुटुंबप्रमुखाची मुलाखत ही कुटुंबाची मुलाखत नव्हे.

जागा प्रार्थनास्थळाबाहेरची हवी. वाचनालयातली खोली चालते, त्यांचे घरही चालते, मात्र सोबती कुटुंबाने आणून सोडलेले नसावे. दुभाषी त्याच मंडळीतला नको. त्याच निर्वासित समाजातला, सगळ्यांना ओळखणारा दुभाषीही टाळा. गट फार लहान असेल तर दुसऱ्या शहरातून फोनवर दुभाषी घेणे बरे.

संमती घेताना चार गोष्टी सावकाश सांगा. या बोलण्याचा मदतीवर किंवा आश्रयाच्या अर्जावर काहीही परिणाम होणार नाही. कोणताही प्रश्न सोडता येईल. नाव कुठेही येणार नाही. आणि एक अपवाद आहे : कोणाच्या, विशेषतः मुलाच्या, जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचे कळले तर मला ते ठरलेल्या व्यक्तीला सांगावे लागेल. ही व्यक्ती कोण, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी ठरलेले असले पाहिजे आणि ती कार्यक्रमाच्या रोजच्या साखळीबाहेरची असली पाहिजे. एखाद्या स्वयंसेवकाकडून झालेल्या लैंगिक त्रासाची गोष्ट मुलाखतीत पुढे आली तर ‘आता कोणाला विचारू’ असा विचार करायला वेळ नसतो.

मायदेशातून कसे निघालात, हे विचारू नका. तुमच्या तीनही प्रश्नांना त्याची गरज नाही आणि ती कहाणी अधिकाऱ्यांपुढे त्यांनी पुरेशा वेळा सांगितलेली असते. मत विचारण्याऐवजी प्रसंग विचारा. “कार्यक्रम कसा वाटला?” याला “फार छान, सगळे देवमाणूस आहेत” हेच उत्तर येणार. त्याऐवजी असे विचारून पाहा :

“शेवटची मदत मागितलीत तो दिवस आठवा. कोणाकडे गेलात, काय बोलणं झालं, पुढे काय झालं?”

“सोबती कुटुंबाला ‘आज नको’ असं कधी सांगितलं का? मग काय झालं?”

“एखाद्या कुटुंबाला वाटतं की आपल्याला इथल्या प्रार्थनेला जायचं नाही. तुमच्याकडे सल्ला मागायला आले तर काय सांगाल?”

तिसऱ्या प्रश्नावर “एकदोनदा जाऊन या, बरं दिसतं” असे उत्तर आले, तर त्या एका वाक्यात तुमचा निष्कर्ष आहे. ‘बरं दिसतं’ म्हणजे कोणाला, कशासाठी, हे पुढे हळुवार विचारा.

उलट बाजूही तितक्याच लक्षाने ऐकली पाहिजे. पुष्कळ निर्वासितांना प्रार्थना हाच मोठा आधार असतो आणि धर्माबद्दल एक शब्दही न बोलणाऱ्या कार्यालयांत आपण अर्धेच आहोत असे त्यांना वाटते. आपत्तीतल्या मानसिक-सामाजिक आधाराबद्दल आंतर-संस्था स्थायी समितीने २००७ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही समाजाच्या स्वतःच्या आध्यात्मिक आणि धार्मिक उपचारपद्धतींना वाव देण्याचे सांगितले आहे. वेगळ्या धर्माच्या एखाद्या बाईने “माझ्या नमाजासाठी त्यांनी खोली मोकळी करून दिली” किंवा “माझ्या उपासाच्या दिवशी वर्गाची वेळ बदलली” असे सांगितले तर तो पुरावा आहे, कौतुक म्हणून बाजूला टाकू नका.

मुलाखत बिघडते आहे हे कसे ओळखायचे? वेगवेगळ्या घरांत तेच वाक्य शब्दशः ऐकू आले, तर कोणीतरी आधी बोलून गेले आहे. माणूस दोन मिनिटे बोलला आणि दुभाष्याने “ते समाधानी आहेत” एवढेच सांगितले, तर तिथेच थांबून पुन्हा विचारा. उत्तराआधी दुभाष्याकडे नजर जात असेल तर त्या मुलाखतीला कमी वजन द्या आणि तसे लिहा. संमती असेल तिथे ध्वनिमुद्रणाचे चार-पाच तुकडे त्या भाषेच्या दुसऱ्या जाणकाराला ऐकवून भाषांतर ताडून पाहा. शेवटी, दोघांनी पाच-सहा मुलाखती वेगवेगळ्या वाचून त्यांतले विषय आपापले नोंदवावेत आणि मग जुळवावेत. जिथे जुळत नाही, तिथे बहुधा एकाला जे ऐकायचे होते ते ऐकू आलेले असते.

स्वयंसेवक आणि धर्मप्रमुख यांच्याशीही बोला, पण त्यांना निर्वासितांची उत्तरे सांगून प्रतिक्रिया मागू नका. लहान समाजात कोण काय म्हणाले हे ओळखायला वेळ लागत नाही. अहवालातही “दोन मुलींची आई, पूर्वी शिक्षिका” असा परिचय देऊ नका. पाचपेक्षा कमी माणसांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नका.

चौथी पायरी : मर्यादा आकड्यांसकट लिहा

अहवालांत मर्यादांचा परिच्छेद बहुधा शेवटी, दोन ओळींत उरकलेला असतो : नमुना लहान होता, वेळ कमी होता. यावरून वाचकाला काहीच करता येत नाही. प्रत्येक मर्यादेने कोणता निष्कर्ष, कोणत्या बाजूला आणि किती हलू शकतो, हे लिहिले पाहिजे.

न भेटलेल्या कुटुंबांचे उदाहरण घेऊ. १२० पैकी ९० भेटली, ३० भेटली नाहीत. भेटलेल्या ९० पैकी ६३ कुटुंबे स्थिर घरात होती, म्हणजे ७० टक्के. अहवालाच्या पहिल्या पानावर हाच ७० आकडा झळकण्याचा मोह होतो. पण न भेटलेली ३० कुटुंबे कशी आहेत ते आपल्याला माहीत नाही. ती सगळी अस्थिर असतील तर १२० पैकी ६३, म्हणजे साडेबावन्न टक्के. सगळी स्थिर असतील तर १२० पैकी ९३, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. त्यामुळे प्रामाणिक वाक्य असे होईल : “भेटलेल्या कुटुंबांपैकी ७० टक्के स्थिर घरात आहेत, सर्व नोंदणीकृत कुटुंबांचा विचार करता हे प्रमाण ५३ ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. पत्ता न लागलेली कुटुंबे जास्त अस्थिर असण्याचा संभव असल्याने खरा आकडा ७० पेक्षा कमी असावा, असे आम्हाला वाटते.” एवढी बेरीज-वजाबाकी कोणालाही करता येते आणि तिने अहवालावरचा विश्वास वाढतो.

दुसरी मर्यादा कार्यक्रमाच्या वाट्याची. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ‘कार्यक्रमामुळे’ हा शब्द जपून वापरा. सोबती कुटुंब मिळण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांशी तुलना करावीशी वाटते, पण आधी प्रतीक्षायादीचा क्रम कसा लागला ते पाहा. उदाहरणात सोबती कुटुंबे आधी थोडीफार भाषा येणाऱ्यांना मिळाली, कारण स्वयंसेवकांना त्यांच्याशी बोलणे सोपे जात होते. भाषा येणाऱ्यांना काम आणि घर तसेही लवकर मिळते. म्हणजे दोन गटांतला फरक सोबतीचा की भाषेचा, हे सांगता येणार नाही. अशा वेळी प्रत्येक मुलाखतीत “हे घर मिळेपर्यंत कोणाकोणाची मदत झाली?” हा प्रश्न विचारून वाट रेखाटा आणि ‘वाटा होता’ एवढेच म्हणा. जिथे आपण नाव न सुचवता कुटुंबाने सोबती कुटुंबाचा नेमका प्रसंग सांगितला आणि फायलीतल्या तारखेशी तो जुळला, तिथे पुरावा बळकट समजा.

तिसरी मर्यादा कृतज्ञतेची. पाकिटातल्या उत्तरांनी तिचा अंदाज मिळाला, पण पूर्ण उलगडा झाला नाही. पाकीट गोळा करणारा माणूस आपणच होतो आणि आपल्याला कामावर कोणी नेमले हे कुटुंबांना ठाऊक होते. म्हणून ६४ टक्के हाही आकडा वरचा असू शकतो, हे लिहा.

प्रत्येक मुख्य निष्कर्षापुढे त्याच्या पुराव्याचे बळ एका शब्दात द्या. नोंदी, मुलाखती आणि निरीक्षण तिन्ही एकच सांगत असतील तर ‘बळकट’, दोन सांगत असतील तर ‘मध्यम’, एकच असेल तर ‘कच्चा’. कच्चा निष्कर्ष वगळण्यापेक्षा कच्चा म्हणून छापणे चांगले, कारण पुढच्या मूल्यमापनाची सुरुवात तिथूनच होते.

पाचवी पायरी : आधी कोणाला सांगायचे

मसुद्यातले निष्कर्ष संस्थेच्या बैठकीआधी निर्वासितांच्या लहान गटांना, त्यांच्या भाषेत, तोंडी सांगा. त्यांना दोनच गोष्टी विचारा : यात चुकीचे काय आहे, आणि यातले काय बाहेर गेले तर तुम्हाला त्रास होईल. दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी नको म्हटलेला तपशील काढून टाका, तो कितीही बोलका असला तरी.

मग संस्थेला द्या. प्रत्येक शिफारशीपुढे संस्थेने ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे लिहावे, कारण द्यावे, जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहावी. आपल्या उदाहरणातल्या शिफारशी तीनच असतील. अर्ज भरायला मदत करणारा माणूस सर्वांसाठी नेमावा. भाड्याचा निर्णय आणि शिफारसपत्र वेगवेगळ्या हातांत द्यावे. पहिल्याच भेटीत, कुटुंबाच्या भाषेत, “प्रार्थनेला आलात किंवा नाही आलात तरी मदत तीच राहील” हे वाक्य तोंडी सांगावे आणि लेखी द्यावे. संस्थेच्या उत्तरांचा हा तक्ता अहवालालाच जोडा आणि दोन्ही एकत्र प्रसिद्ध करा. सहा महिन्यांनी पाकिटातला तोच प्रश्न नव्या कुटुंबांना पुन्हा विचारायचा, त्यासाठी कोणाला नेमायचे, हेही त्याच तक्त्यात लिहून घ्या.